संकेतस्थळावरचा फॉन्ट दाबून का पाठवतात?

नवी दिल्लीच्या आर. के. पुरम भागात केंद्रीय हिंदी निदेशालयाचे कार्यालय आहे. देवनागरी लिपी आणि हिंदी वर्तनीच्या प्रमाणीकरणाची या निदेशालयाची पुस्तिका १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. हिंदी मुद्रणात दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ रूढ आहेत. महाराष्ट्र शासनाने मात्र २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण मानले. युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’ना एकच क्रमांक आहे, `U+0932`. वाचकाला त्यांपैकी कोणता दिसेल, हे फॉन्टची फाइल ठरवते.

या फाइलमध्ये अक्षरांच्या आकृत्या असतात, तसेच त्या कशा जुळवायच्या याचे नियमही असतात. मुंबईच्या आयआयटीने प्रसिद्ध केलेला ‘शोभिका’ हा मुक्त फॉन्ट घेऊ. त्यातील देवनागरी आकृत्या राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’ फॉन्टवर आधारलेल्या आहेत. युनिकोडच्या मुख्य देवनागरी विभागात जागा केवळ १२८. शोभिकात देवनागरी आकृत्या १६०० हून अधिक, आणि ११०० हून अधिक जोडाक्षरांची सोय. ‘क्ष’ किंवा ‘त्र’ यांना स्वतंत्र क्रमांक नाही. घटक अक्षरे हलन्ताने जोडली गेली की नियमाप्रमाणे जोडाक्षराची आकृती पुढे येते. देवनागरी फॉन्ट इंग्रजीच्या साध्या फॉन्टपेक्षा जड असतो, तो यामुळे.

छपाईच्या दृष्टीने हे वजन गौण आहे. फाइल संगणकावर एकदा बसवली जाते आणि छपाईसाठी पीडीएफ करताना बहुधा वापरलेल्या आकृत्याच तिच्यात घातल्या जातात. तेथे टीटीएफ आणि ओटीएफ दोन्ही चालतात. वक्ररेषा नोंदवण्याची त्यांची पद्धत सहसा वेगळी असते, एवढाच मुख्य भेद. अडचण येते ती टाइप १ या जुन्या स्वरूपाची. अडोबी कंपनीने २०२३ च्या जानेवारीत आपल्या सॉफ्टवेअरमधील त्याचा आधार थांबवला. मोबाइल अ‍ॅपमध्येही टीटीएफ किंवा ओटीएफ ठेवतात, कारण तो अ‍ॅपबरोबर एकदाच येतो आणि पुढे फोनच्या साठवणीतूनच वाचला जातो.

संकेतस्थळाची गोष्ट निराळी. तेथे पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक वाचकाला फॉन्ट उतरवून घ्यावा लागतो. तो येईपर्यंत अनेक ब्राउझर सुमारे तीन सेकंद मजकुराची जागा कोरी ठेवतात आणि मग दुसऱ्या फॉन्टमध्ये मजकूर दाखवतात. यासाठी वॉफ हे वेष्टन तयार झाले आणि २०१२ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ते प्रमाण मानले. वॉफ २ ला ती मान्यता २०१८ मध्ये मिळाली. त्यातील फाइल पहिल्या वॉफपेक्षा सरासरी सुमारे ३० टक्के लहान होते.

ही बचत केवळ ब्रॉटली या संक्षेपन पद्धतीची नाही. टीटीएफमध्ये प्रत्येक आकृती फाइलमध्ये कोठे सुरू होते, याचा एक तक्ता असतो. आकृत्यांवरून तो पुन्हा मांडता येत असल्याने वॉफ २ मध्ये तो पाठवलाच जात नाही. ब्राउझर आपल्या बाजूला तो तयार करून घेतो. दाबलेल्या फाइलमधून आकृत्या आणि नियम पूर्ववत मिळतात. ‘वॉफमुळे अक्षरे बिघडली’ ही तक्रार म्हणूनच बहुधा चुकीच्या दिशेने बोट दाखवते.

बिघाड होतो तो दाबण्याआधीच्या काटछाटीत. वजन आणखी कमी करण्यासाठी फॉन्टचा नको असलेला भाग काढतात. ‘देवनागरी विभाग ठेवा, बाकी काढा’ ही सूचना वरवर पुरेशी वाटते. पण रुपयाचे चिन्ह आणि जोडाक्षरांवर नियंत्रण ठेवणारी दोन अदृश्य चिन्हे त्या विभागाबाहेर आहेत. ती मागून घ्यावी लागतात:

```
pyftsubset Shobhika-Regular.otf \
 --unicodes="U+0020-007E,U+0900-097F,U+200C-200D,U+2018-201D,U+20B9,U+25CC" \
 --layout-features='*' --flavor=woff2
```

शेवटच्या ओळीतील चांदणी फॉन्टमधील सर्व पर्यायी नियम राखते. यादी हाताने आवळताना जोडाक्षरांचे नियम गळले, तर ‘क्ष’च्या जागी पाय मोडलेला ‘क’ आणि शेजारी ‘ष’ दिसतो. `locl` हा नियम गळला तर मोडतोड दिसत नाही. फक्त मराठी मजकुरात हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात, आणि ते सहज नजरेतून सुटते. अर्थात, मुळात दोन्ही रूपे असलेल्या फॉन्टलाच हे लागू आहे. शिवाय पानाच्या मांडणीत `lang="mr"` हे लिहिलेले नसेल, तर नियम शाबूत असूनही तो लागू होत नाही.

तपासणीसाठी ‘क्षत्रिय, ज्ञान, श्रावण, तऱ्हा, दऱ्या, लाल शाल, ₹’ एवढे शब्द मूळ ओटीएफमध्ये आणि तयार वॉफ २ मध्ये शेजारी शेजारी ठेवावेत. रुपयाचे चिन्ह इतर अक्षरांहून जाड-बारीक दिसले, तर ते दुसऱ्याच फॉन्टमधून आलेले असते.