एका उत्तराला दोन गुण: बहिःस्थ परीक्षकाला लिहायचा मेल

दुहेरी मूल्यांकनात एकच उत्तरपत्रिका दोघे तपासतात: विषय शिकवणारे प्राध्यापक आणि बाहेरच्या संस्थेतले बहिःस्थ परीक्षक. पत्रिका स्कॅन करून, नाव आणि आसन क्रमांक झाकून, दोघांच्या स्क्रीनवर स्वतंत्रपणे येते. एकाने दिलेले गुण दुसऱ्याला दिसत नाहीत. एकूण गुणांतला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे, बऱ्याच ठिकाणी १५ ते २० टक्क्यांपलीकडे गेला, तर पत्रिका तिसऱ्या परीक्षकाकडे जाते. नाहीतर सरासरी काढतात. एखाद्याच प्रश्नात मोठा फरक पडला आणि एकूण बेरीज मर्यादेतच राहिली, तर मात्र तो फरक कोणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी प्राध्यापकांनी परीक्षा विभागामार्फत बहिःस्थ परीक्षकांना मेल लिहिणे हाच मार्ग उरतो.

संख्याशास्त्राचा एक नमुना घेऊ. पत्रिका ६० गुणांची, प्रश्न ८ गुणांचा: ४, ७, ८, ११, १५ या संख्यांचे प्रमाण विचलन काढा. बेरीज ४५, मध्य ९, विचलनांच्या वर्गांची बेरीज ७०, तिला ५ ने भागून १४ आणि त्याचे वर्गमूळ ३.७४, हे बरोबर उत्तर. विद्यार्थ्याने बेरीज ४० लिहिली, म्हणून मध्य ८ आला. पुढे सगळी रीत अचूक: विचलने −४, −१, ०, ३, ७; वर्गांची बेरीज ७५; शेवटी ३.८७. प्राध्यापकांनी ७ गुण दिले, बहिःस्थ परीक्षकांनी २. पाच गुणांचा हा फरक ६० पैकी जेमतेम आठ टक्के भरतो, त्यामुळे तिसरा परीक्षक येत नाही.

मेल लिहिण्याआधी दोघांनी एकच प्रतिमा पाहिली का, हे तपासायला हवे. पेन्सिलीचे आकडे स्कॅनमध्ये पुसट येतात, कडेची ओळ कापली जाते, पुरवणी मागेपुढे जोडली जाते. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पत्रिका स्क्रीनवर तपासायला घेतल्या तेव्हा निकाल कित्येक महिने रखडले. स्कॅनिंगकडे नुसते कारकुनी काम म्हणून पाहता येत नाही, हे तेव्हा महाराष्ट्राने अनुभवले. इथे मूळ कागद काढून पाहिल्यावर ‘४०’ स्पष्ट दिसला, म्हणजे दोष प्रतिमेचा नव्हता.

त्यानंतर दोघांचे गुण पायरीपायरीने शेजारी मांडायचे. गुणदान योजनेत मध्यासाठी २, विचलने आणि वर्गांसाठी ३, भागाकारासाठी २ आणि वर्गमुळासाठी १ गुण होता. मध्याला दोघांनीही १ दिला. फारकत पडली ती तिथून पुढे. प्राध्यापकांनी बेरजेची चूक एकदाच मोजून पुढचे सहाही गुण दिले. बहिःस्थ परीक्षकांनी आकडे चुकले म्हणून फक्त सूत्राचा १ दिला. पुढे वाहत गेलेल्या चुकीचे काय करायचे, हे योजनेत लिहिलेलेच नव्हते. मतभेदाचे खरे ठिकाण हेच, आणि मेलचा मजकूर त्यावरच टिकला पाहिजे:

‘सप्रेम नमस्कार. सांकेतिक क्रमांकाच्या सोबतच्या पत्रिकेत प्रश्न ३ ला माझे ७ आणि आपले २ गुण आहेत. मूळ कागद पाहिला. प्रतिमा बरोबर आहे. बेरजेत ४५ ऐवजी ४० आल्याने मध्य ८ झाला, पुढची रीत त्या मध्याला धरून आहे. अशा चुकीचे गुण एकदाच कापावेत की पुढच्या प्रत्येक पायरीवर, हे आपल्या योजनेत नमूद नाही. या मुद्द्यावर आपले मत कळवावे. गुणांच्या खुणा नसलेली प्रत आणि योजना सोबत जोडली आहे.’

या मजकुरात विद्यार्थ्याचे नाव नाही, त्याच्या हुशारीबद्दल शब्द नाही आणि ‘गुण वाढवावेत’ अशी विनंतीही नाही. विनंती केली की बहिःस्थ परीक्षकांच्या स्वतंत्र मताला अर्थ राहत नाही. त्यांच्या कडक गुणदानाला आधारही आहे. मध्यापासूनच्या विचलनांची बेरीज शून्य यावी लागते. इथे ती ५ येते. पडताळा शिकवलेला असूनही विद्यार्थ्याने तो केला नाही, म्हणून आणखी एक गुण कापून ६ देणे रास्त ठरू शकते. मात्र २ गुणांमुळे एकाच चुकीची शिक्षा चारदा होते, आणि ते अन्यायाचे आहे.

असा फरक निष्काळजीपणामुळेच पडतो, असे नाही. १९२९ मध्ये भारतीय शिक्षणावरील समितीचे अध्यक्ष असलेले फिलिप हार्टॉग यांनी १९३५ मध्ये ई. सी. ऱ्होड्स यांच्यासोबत इंग्लंडमधल्या परीक्षांची तपासणी प्रसिद्ध केली. इतिहासाच्या १५ पत्रिका त्याच परीक्षकांना वर्षभराहून अधिक काळाने पुन्हा दिल्या, तेव्हा २१० निर्णयांपैकी ९२ बदलले. गणिती प्रश्नांत योजना नेमकी लिहून हे प्रमाण बरेच आटोक्यात येते. निबंधवजा उत्तरांत तितके येत नाही.

उत्तर आल्यावर ठरलेला नियम योजनेत लिहितात आणि त्याच प्रश्नात मध्य चुकलेल्या सर्व पत्रिका दोन्ही परीक्षक पुन्हा उघडतात. एकाच पत्रिकेचे गुण बदलून थांबले, तर बाकीच्यांना जुनाच माप लागू राहतो. आधीचे गुण, नवे गुण, तारीख आणि कारण यांची नोंद परीक्षा विभागाकडे जाते, कारण विद्यार्थी पुढे छायाप्रत मागू शकतो.