‘वरीलपैकी सर्व’ आणि ‘यापैकी नाही’ : पर्याय खोडायची पद्धत इथे बदलते, समजून घ्या उदाहरणांसह

पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी… परीक्षा कोणतीही असो, गावागावातल्या अभ्यासिकेत एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो : ‘उत्तर येत नसेल तर चुकीचे पर्याय खोडत जा, शेवटी उरेल ते उत्तर.’ सल्ला बरोबर आहे. पण चौथा पर्याय ‘वरीलपैकी सर्व’ किंवा ‘यापैकी नाही’ असला की तो जसाच्या तसा चालत नाही. येत असलेल्या प्रश्नाचेही मार्क इथे जातात. नेमकं काय बदलतं, ते पाहू.

‘वरीलपैकी सर्व’ : दोन खरे सापडले की काम झालं

हा प्रश्न बघा. खालीलपैकी कोणती नदी महाराष्ट्रात उगम पावते? (१) गोदावरी (२) कृष्णा (३) भीमा (४) वरीलपैकी सर्व.

गोदावरी त्र्यंबकेश्वरला आणि कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, एवढं तुम्हाला पक्कं माहीत आहे. भीमेचं मात्र आठवत नाही. तरी उत्तर मिळालं. कारण उत्तर एकच असायला हवं आणि इथे पहिले दोन्ही पर्याय खरे आहेत. दोघांना सामावून घेणारा पर्याय एकच, चौथा. भीमा भीमाशंकरला उगम पावते हे माहीत नसलं तरी मार्क मिळतो.

अनेक जण इथे वेगळीच चूक करतात. पहिला पर्याय ‘गोदावरी’ वाचला, बरोबर वाटला, लगेच गोल काळा केला आणि पुढे गेले. चौथा पर्याय वाचलाच नाही. म्हणून पहिला पर्याय खरा वाटला की थांबायचं नाही, आणखी एक खरा आहे का ते शोधायचं.

आता उलट बाजू. यादीतला एक जरी पर्याय नक्की चुकीचा निघाला, तर तो एकटा जात नाही, सोबत ‘वरीलपैकी सर्व’लाही घेऊन जातो. वरच्या प्रश्नात भीमेच्या जागी नर्मदा असती, तर ती मध्य प्रदेशात अमरकंटकला उगम पावते म्हणून तिसरा आणि चौथा असे दोन्ही पर्याय एका फटक्यात बाद. अशा वेळी पेपर काढणाऱ्याला ‘फक्त १ आणि २’ असा पर्याय द्यावा लागतो. तसा पर्याय दिसला की ‘दोन खरे म्हणजे सर्व’ हा नियम विसरायचा. तिथे तिसऱ्याचा निकाल लावावाच लागतो.

‘यापैकी नाही’ : इथे खोडून उत्तर सिद्ध होत नाही

हा पर्याय जास्त अवघड आहे. आधी साधा प्रश्न घेऊ. महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं? (१) कमळ (२) मोगरा (३) जास्वंद (४) ताम्हण. समजा ताम्हणाबद्दल तुम्ही कधी वाचलेलं नाही. पण कमळ राष्ट्रीय फूल आहे आणि मोगरा, जास्वंद नाहीत हे माहीत आहे. तिन्ही खोडले, ताम्हण उरलं. उत्तर बरोबर.

आता तोच प्रश्न असा आला : (१) कमळ (२) मोगरा (३) ताम्हण (४) यापैकी नाही. कमळ खोडलं, मोगरा खोडला. उरले ताम्हण आणि ‘यापैकी नाही’. इथे खोडणं संपलं. आता ताम्हण हे राज्यफूल आहे की नाही, हे थेट माहीत असायलाच हवं. माहीत नसेल तर शक्यता निम्मी-निम्मी. म्हणजे पहिल्या प्रश्नात न वाचलेली गोष्ट चालून गेली, दुसऱ्यात ती आडवी आली.

म्हणून असा पर्याय दिसला की क्रम बदला. पर्याय वाचण्याआधी उत्तर मनात आणा, मग ते यादीत शोधा. ताडोबा राष्ट्रीय उद्यान कोणत्या जिल्ह्यात? मनात ‘चंद्रपूर’ आलं आणि पर्यायांत गडचिरोली, अमरावती, गोंदिया असे तीन जिल्हे आहेत, तर बिनधास्त ‘यापैकी नाही’. आधी पर्याय वाचले तर ‘गडचिरोली शेजारीच आहे, तेच असेल’ असं मन खेचलं जातं.

‘चुकीचे विधान ओळखा’ असेल तर सावध

प्रश्न उलटा असला की या पर्यायांचा अर्थही उलटतो. ‘खालीलपैकी चुकीचे विधान ओळखा’ आणि शेवटी ‘यापैकी नाही’ असेल, तर ते निवडणं म्हणजे सगळी विधानं बरोबर आहेत असं सांगणं. घाईत उलटं होतं. प्रश्नातल्या ‘अयोग्य’, ‘चुकीचे’, ‘नाही’ या शब्दांखाली रेघ मारा आणि प्रत्येक विधानापुढे आधी बरोबर किंवा चूक अशी खूण करा. पर्याय त्यानंतर बघा.

दोन विधानांचे प्रश्न

एमपीएससीत हे दोन्ही पर्याय एकत्रही येतात. (१) फक्त अ (२) फक्त ब (३) दोन्ही (४) एकही नाही. समजा विधानं अशी आहेत. अ : ७३वी घटनादुरुस्ती पंचायतींशी संबंधित आहे. ब : या दुरुस्तीने राज्यघटनेत १२वे परिशिष्ट जोडले.

अ खरं, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. लगेच ‘फक्त ब’ आणि ‘एकही नाही’ गेले. एका विधानाच्या माहितीवर दोन पर्याय कमी. आता सगळं डोकं ब वर लावा. पंचायतींचं परिशिष्ट ११वं. १२वं नगरपालिकांचं, ते ७४व्या दुरुस्तीने आलं. म्हणून उत्तर ‘फक्त अ’. सुरुवात नेहमी ज्या विधानाची खात्री आहे तिथून करा, मग ते ब असलं तरी चालेल.

दोन पर्याय उरले, मग सोडायचं की टाकायचं?

हे परीक्षेवर ठरतं. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी पाव भाग कापला जातो. प्रश्न २ गुणांचा असेल तर अर्धा गुण. असे निम्मी-निम्मी शक्यता असलेले ४ प्रश्न धरा. सरासरीने २ बरोबर आले तर ४ गुण, २ चुकले तर १ गुण वजा. हातात ३ गुण. उत्तर दिलंच नसतं तर एकही गुण मिळाला नसता. म्हणजे दोन पर्याय खरोखर खोडता आले असतील तर उत्तर देणं फायद्याचं.

‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा. साध्या प्रश्नात तीनही पर्याय खोडल्यावर चौथा पटला नाही, तर कुठंतरी चुकलं हे कळतं. ‘यापैकी नाही’ असताना ते कळत नाही, कारण चुकून बरोबर पर्याय खोडला तरी चौथा पर्याय तिथे तयारच असतो. म्हणून अशा प्रश्नात ‘वाटतंय’ म्हणून पर्याय खोडू नका, कारण सांगता आलं तरच खोडा.

सराव कसा करायचा?

आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका मिळतात. त्यातून फक्त असे पर्याय असलेले २० प्रश्न वेगळे काढा. प्रत्येक विधानापुढे बरोबर, चूक किंवा प्रश्नचिन्ह लिहा, मग उत्तर निवडा. तपासताना उत्तर बरोबर आलं का एवढंच बघू नका. प्रश्नचिन्ह किती होती आणि त्यातली किती प्रश्नचिन्हं न सोडवताच उत्तर मिळालं, तेही मोजा.