कुर्त्यावरचा डाग

ईदला दोन दिवस उरले होते. आमच्या मरहूम अब्बांचा पांढरा सुती कुर्ता अम्मींनी आखूड करून नातवासाठी शिवला होता. ईदगाहला तोच घालायचा, असं त्यांच्या मनात होतं. पण इफ्तारच्या वेळी घालून पाहताना त्यावर सालन सांडलं. पोरानं कोणालाच सांगितलं नाही. मोरीत जाऊन साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक झाला! घाबरून त्यानं कुर्ता पलंगाखाली लपवला. सकाळी झाडताना तो दादीच्या हाती लागला.

"दादी, कुर्ता खराब झाला का हो?"

"नाही बेटा. हळदीला साबणाचा खार लागला की ती लाल होते. हे बघ," म्हणत दादींनी डाग पाण्यात नीट खळबळला आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले. लाल डाग पुन्हा पिवळा झाला. पोराचे डोळे विस्फारले.

"पण आधी तेल काढायचं. तेलाखाली हळद दडून बसते." कुर्ता वाळल्यावर दादींनी डागावर ज्वारीचं पीठ जाड थरात पसरलं. अर्ध्या तासानं ते झटकलं. मग साबण लावून, बोटांनी हलकेच चोळून, थंड पाण्यानं धुतलं. "डाग ताजा असताना चमच्यानं सालन उचलून लगेच पीठ टाकलं असतं, तर निम्मं काम तिथंच झालं असतं. घासला की तो पसरतो."

साबण पूर्ण निघाल्यावर ओला कुर्ता गच्चीवर टाकला, डागाची बाजू वर करून. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आणि आपल्या नगरचं ऊन कडकच. सुकत आला की नातू पाणी शिंपडायचा. दुपारपर्यंत डाग फिका झाला, दुसऱ्या दिवशी पुसटशी सावली तेवढी उरली. पावसाळ्यात याच कामाला अधिक दिवस लागतात.

मध्येच आम्ही ब्लीचची बाटली आणली. दादींनी ती परत ठेवायला लावली. जुनं कापड त्यानं विरतं. शिवाय ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. इस्त्रीही डाग जाईपर्यंत करायची नाही, उष्णतेनं उरलेलं तेल कापडात पक्कं बसतं. आणि हा उन्हाचा उपाय पांढऱ्या सुती कपड्यापुरताच. रंगीत कपड्याचा हळदीबरोबर स्वतःचा रंगही उडतो.

ईदच्या सकाळी पोरानं विचारलं, "थोडा दिसतोय. नमाज होईल ना?"

"हळदीच्या डागानं कपडा नापाक होत नाही, बेटा. पण पुढच्या वेळी लपवू नकोस, लगेच मला हाक मार."

शीरखुर्मा खाताना पोरानं रुमाल गळ्याशी घट्ट बांधून घेतला होता.