टफ्टी खारीचा नियम आणि आपल्या दारासमोरचा रस्ता

आईस्क्रीमच्या गाडीची घंटी वाजते. टफ्टी नावाचे खारीचे पिल्लू आईला सोबत घेऊन आईस्क्रीम आणायला जाते. त्याचा मित्र विली वीझल मात्र एकटाच जातो आणि मोटारीची धडक बसून जखमी होतो. वीझल हा मुंगसासारखा दिसणारा एक लहान प्राणी. एवढीच ही गोष्ट. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर दाखवली गेलेली ही चित्रफीत जेमतेम मिनिटभराची होती. ती हाताने रेखाटलेली नव्हती. बाहुल्या किंचित किंचित हलवून एकेक चौकट टिपून ती तयार केली होती. निवेदन बर्नार्ड क्रिबिन्स या अभिनेत्याचे होते.

टफ्टीची निर्मिती १९५३ मध्ये एल्सी मिल्स यांनी केली. अपघात टाळण्यासाठी काम करणाऱ्या 'रोस्पा' या ब्रिटिश संस्थेत त्या होत्या. १९६१ मध्ये टफ्टी क्लब सुरू झाला आणि लक्षावधी मुले त्याची सभासद झाली. आज आपल्या नातवंडांच्या पडद्यावर रस्त्याचा नियम सांगणारे ससे, अस्वले किंवा पेंग्विन दिसतात. ती सारी टफ्टीचीच भावंडे म्हणायला हवीत.

अशा चित्रफितीचे बळ तिच्या आटोपशीरपणात असते. पाच वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच गोष्ट नीट धरून ठेवता येते. म्हणून तिथे एकच नियम असतो: मोठ्या माणसाशिवाय रस्त्यावर जायचे नाही. नियम पाळणारा एक आणि मोडणारा एक, अशी दोनच पात्रे असतात आणि परिणाम लगेच समोर येतो. बोलणारा प्राणी योजण्यामागेही विचार आहे. माणसाचे मूल गाडीखाली आलेले दाखवले तर बालप्रेक्षक घाबरून तोंड फिरवील. विलीला लागलेले मात्र तो पाहू शकतो, कारण ते थोड्या अंतरावरचे दुःख असते.

परंतु याच अंतराची किंमतही मोजावी लागते. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना आपली वस्तू दुसऱ्याला देण्याची गोष्ट वाचून दाखवली. त्यातील पात्रे कपडे घातलेले प्राणी होते. इतर काही मुलांना तीच गोष्ट माणसांची चित्रे घालून वाचून दाखवली. त्यानंतर मुलांना आपल्याकडची चिकटचित्रे दुसऱ्या मुलासाठी बाजूला काढण्याची संधी दिली. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी अधिक चित्रे दिली. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्या मुलांच्या देण्यात तशी वाढ झाली नाही. मात्र गोष्टीतले प्राणी माणसांसारखेच आहेत असे ज्या मुलांना वाटले, त्यांनी अधिक दिले. हा प्रयोग रस्त्याविषयी नव्हता, तरी त्यातून एक बाब ध्यानात येते. प्राण्याच्या गोष्टीतला धडा आपल्यालाही लागू आहे, हे लहान मूल आपोआप मानत नाही. तो दुवा कोणीतरी जोडून द्यावा लागतो, आणि मूल चित्रफीत पाहत असताना शेजारी बसलेले आजी-आजोबा तो सहज जोडू शकतात.

चित्रफीत संपल्यावर आपण बहुधा विचारतो, "मग काय शिकलास?" मूल नियम घडाघडा म्हणून दाखवते आणि आपण समाधान पावतो. त्याऐवजी गोष्ट आपल्या गल्लीत आणावी. "विली एकटा गेला. आपल्याकडे कुल्फीची गाडी कुठे उभी राहते? तिथे जायला तुला कोणता रस्ता लागतो? घंटी वाजली की आधी कोणाला हाक मारशील?" अशा प्रश्नांनी खारीचा रस्ता मुलाच्या दारासमोर येऊन ठेपतो.

तरीही नियम समजणे वेगळे आणि रस्ता वाचता येणे वेगळे. स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जेम्स थॉमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना रस्ता ओलांडण्यासाठी सुरक्षित जागा निवडायला सांगितले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष आजही डोळे उघडणारा आहे. पाच आणि सात वर्षांची मुले एकच गोष्ट पाहत: या क्षणी गाडी दिसते की नाही. गाडी दिसत नसेल तर जागा सुरक्षित! मग ती जागा वळणावर असो, चढाच्या टोकाशी असो किंवा उभ्या गाड्यांच्या आड असो. गाडी दिसत नाही याचे कारण रस्ता मोकळा असणे नव्हे, तर नजर अडलेली असणे हेही असू शकते, हे त्यांना उमगत नव्हते. नऊ-दहा वर्षांच्या पुढे ही जाण सुधारत जाते.

यात मुलाच्या उंचीचाही भाग आहे. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात आणि मोटारीची उंची सुमारे दीड मीटर असते. जिथे उभे राहून आपल्याला गाडीच्या टपावरून रस्ता दिसतो, तिथेच शेजारी उभ्या असलेल्या मुलाला केवळ पत्रा दिसतो. आणि वाहनचालकालाही आपण दिसतो, मूल दिसत नाही.

यावरचा उपाय त्याच विद्यापीठातील संशोधनातून पुढे आला. ग्लासगो शहरातील ड्रमचॅपल या वस्तीत तिथल्याच रहिवाशांना थोडे प्रशिक्षण देण्यात आले आणि त्यांनी लहान मुलांना छोट्या गटांनी प्रत्यक्ष रस्त्याच्या कडेला नेऊन शिकवले. पुढे हाच क्रम 'कर्बक्राफ्ट' या नावाने रूढ झाला. वर्गात सांगून जे साधत नव्हते, ते पाच वर्षांच्या मुलांनाही रस्त्यावरच्या सरावाने साधले. शिकवणारे सामान्य नागरिक होते, म्हणजे हे काम आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

उभ्या गाड्यांमधून रस्ता ओलांडण्याचा प्रसंग घेऊ. कर्बक्राफ्टमध्ये त्याचा स्वतंत्र सराव असतो, आणि आपल्या शहरांत तर तो टाळणे कठीणच. एक आजोबा शाळेच्या बसपर्यंत नातीला सोडायला निघाले आहेत. दोन्ही कडांना मोटारी उभ्या आहेत, जवळपास झेब्रा पट्टे नाहीत.

पहिला थांबा पदपथाच्या कडेशी. इथे आजोबा नियम विचारत नाहीत; "या गाडीत कोणी बसलंय का गं? इंजिनाचा आवाज येतोय का? मागचा पांढरा दिवा लागलाय का?" असे विचारतात. पांढरा दिवा म्हणजे गाडी मागे येणार. यांपैकी एकाचे उत्तर जरी 'हो' असले, तरी त्या दोन गाड्यांमधून जायचे नाही. पुढची फट शोधायची.

दुसरा थांबा सर्वांत महत्त्वाचा. हात धरून दोघे गाड्यांमधून पुढे येतात आणि गाडीची बाहेरची कड जिथे संपते तिथे पुन्हा थांबतात. खरा काठ पदपथाशी नसून इथे आहे, हेच मुलाच्या मनात रुजवायचे असते. इथे आजोबा खाली वाकून, किंवा वाकवत नसेल तर नातीलाच विचारून, तिची नजर तपासतात: "तुला कोपऱ्यापर्यंतचा रस्ता दिसतो का?" दिसत नसेल, तर ती जागाच बदलायची.

तिसरी पायरी पाहण्याची. आपल्याकडे, ब्रिटनप्रमाणेच, वाहने डावीकडून चालतात; म्हणून आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहायचे. आपल्या रस्त्यांवर दुचाकी उलट दिशेनेही येते, त्यामुळे पूर्ण रस्ता ओलांडून होईपर्यंत दोन्हीकडे लक्ष हवे. अनेक मुले मान वळवतात, पण पाहत काहीच नाहीत. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे दिसेल ते मोठ्याने सांगायला लावणे: "लाल स्कूटर येतेय. ती गेली. आता काही नाही." मगच सरळ रेषेत, न धावता चालायचे.

इथे ज्येष्ठांनी स्वतःची चालही हिशेबात घ्यावी. सात मीटर रुंदीचा रस्ता झपाझप चालणारा तरुण साधारण पाच सेकंदांत ओलांडतो. काठी घेऊन सावकाश चालणाऱ्या व्यक्तीला नऊ सेकंद लागू शकतात. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या वेळात सुमारे १०० मीटर पुढे येते, म्हणजे क्रिकेटच्या जवळपास पाच खेळपट्ट्यांइतके अंतर. दोघांमध्ये ज्याची चाल धीमी, त्याच्या चालीने वेळ मोजायचा. गुडघा दुखत असलेल्या दिवशी, ऐकू कमी येत असल्यास किंवा हातात पिशव्या असल्यास थोडे दूरचे झेब्रा पट्टे गाठणेच बरे. मुलाचे मनगट एका हातात पक्के धरता येत नसेल, तर त्या दिवशी सोबतीला कोणाला तरी घ्यावे.

मूल शिकले हे कशावरून ओळखावे? त्याने नियम म्हणून दाखवला यावरून नव्हे. हात धरलेला ठेवूनच एके दिवशी सांगावे, "आज तू मला पलीकडे ने." गाडीच्या बाहेरच्या कडेशी ते न सांगता थांबते का, आणि काय दिसते ते सांगते का, हे पाहावे. सलग काही दिवस जमले, की जागा बदलून पाहावी. घराजवळ बरोबर थांबणारे मूल बाजारातल्या रस्त्यावर सरळ चालू लागले, तर त्याला ती एक जागा पाठ झाली आहे, रस्ता वाचता आलेला नाही. मग तिथेही तोच सराव. आठवड्यातून दोन-तीनदा, रोजच्या जाण्यायेण्यातली पाच मिनिटे त्यासाठी पुरतात.

एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. हे सारे जमणारे सहा वर्षांचे मूलसुद्धा एकट्याने रस्ता ओलांडण्यास सिद्ध झालेले नसते. चेंडू रस्त्यावर गेला किंवा पलीकडे आई दिसली, की शिकलेले सारे क्षणात मागे पडते. येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालणेही त्या वयात कच्चेच असते. म्हणून सराव झाला तरी हात सोडायचा नाही. टफ्टीच्या चित्रफितीतला नियमही हाच आहे: मोठे माणूस सोबत हवे. मुलाने तो लक्षात ठेवावा हे खरेच. पण कुल्फीची घंटी वाजेल तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून त्याच्याबरोबर उठणे हा त्या नियमाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो आपल्यासाठी आहे.