मामूंचा डिस्चार्ज पेपर आणि सहा आठवड्यांनंतरचा एक्स-रे

वाकोल्यात आमच्या मागच्या गल्लीत राहणारे माझे मामू, वय ७२, जानेवारीत न्यूमोनियाने सहा दिवस दवाखान्यात होते. शुगर आहे, बीपी आहे, आणि तरुणपणी बिडीही भरपूर झाली. १९ जानेवारीला सुट्टी मिळाली. घरी आल्यावर बिल, रिपोर्ट आणि डिस्चार्ज पेपर एका पिशवीत घालून कपाटावर ठेवले गेले. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच होतं. गोळ्या कधी घ्यायच्या तेवढं केमिस्टला विचारून घेतलं की बाकीचा कागद कोणी वाचत नाही. मी शिकवतो म्हणून मामीने बारा दिवसांनी तो माझ्या हातात दिला, तोही एक गडबड झाल्यावर. ती पुढे सांगतो.

वर निदान लिहिलं होतं: 'राइट लोअर लोब कन्सॉलिडेशन'. म्हणजे उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात जिथे हवा असायला हवी तिथे पू आणि पाणी भरलं होतं. कोरडा स्पंज भिजून जड व्हावा, तसं. एक्स-रेमध्ये तो भाग पांढरा दिसतो. त्याखाली दाखल होतानाची स्थिती: श्वास मिनिटाला २८, ऑक्सिजन ८९, रक्तातलं युरिया ५८. आणि त्यापुढे 'कर्ब-६५: २'. हा आकडा मला आधी समजला नव्हता. आमच्या ओळखीच्या डॉक्टरबाईंनी समजावलं. माणूस गोंधळलेला आहे का, युरिया वाढलंय का, श्वास ३० किंवा त्याहून जास्त आहे का, बीपी फार खाली गेलंय का, आणि वय ६५ किंवा जास्त आहे का, या पाच गोष्टींपैकी प्रत्येकीला एक गुण. मामूंना वयाचा एक आणि युरियाचा एक. दोन गुण म्हणजे दाखल करायचा विचार करण्याइतका आजार. त्यात ऑक्सिजन ८९, म्हणजे घरी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. मामी म्हणत होती, 'इतना क्या था, खोकला ही तो था.' खोकलाच नव्हता.

याच ठिकाणी एक गोष्ट सांगून ठेवतो. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. मामूंना ताप मामुलीच होता. दोन दिवस ते जेवत नव्हते, आणि जिन्यात पाय घसरला. घरच्यांनी अशक्तपणा समजला. कागदाच्या शेवटी डॉक्टरांनी परत येण्याची कारणं लिहिली होती, त्यात 'ऑक्सिजन ९२ च्या खाली' याच्या जोडीला 'जेवण बंद' आणि 'असंबद्ध बोलणं' ही दोन्ही होती. ती उगाच लिहिलेली नसतात.

आता गडबड. सुट्टीनंतर दहाव्या दिवशीही खोकला होता, म्हणून मोठा मुलगा त्यांना घेऊन एका लॅबमध्ये गेला आणि एक्स-रे काढून आणला. रिपोर्टमध्ये 'सावली अजून आहे' असं आलं. सगळे घाबरले. एका दवाखान्यात दाखवलं, तिथे लेव्होफ्लॉक्सासिन सुरू करून दिलं. कागदावर मात्र स्पष्ट होतं: 'एक्स-रे चेस्ट पीए, सहा आठवड्यांनी'. दहा दिवसांनी नव्हे.

कारण माणूस आधी बरा होतो आणि एक्स-रे मागाहून. ताप साधारण आठवड्यात जातो, खोकला बराचसा सहा आठवड्यांत कमी होतो, पण थकवा तीन महिनेही टिकू शकतो. फुफ्फुसातली सावली तरुण माणसात लवकर साफ होते. वय झालेल्या, शुगर असलेल्या माणसात तिला सहा ते बारा आठवडेही लागतात. म्हणून दहाव्या दिवशीच्या फोटोत सावली दिसणं हे काहीच सांगत नाही. श्वास, भूक, ऑक्सिजन आणि ताप बिघडत असतील, तर मात्र लगेच दाखवावं.

लेव्होफ्लॉक्सासिनबद्दलही डॉक्टरबाई नाराज झाल्या. हे औषध टीबीच्या जंतूंवरही थोडं काम करतं. मुंबईत फुफ्फुसातली हटत नसलेली सावली टीबीचीही असू शकते. अशा वेळी हे औषध चालू झालं तर काही दिवस बरं वाटतं, तपासणीत टीबी लपू शकतो, आणि निदानाला उशीर होतो. त्यांनी ते थांबवलं, आणि थुंकीची सीबीनॅट तपासणी करायला सांगितली. ही तपासणी सरकारी टीबी कार्यक्रमात मोफत होते. मामूंचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

सहा आठवडे म्हणजे २ मार्च. त्या दिवशी एक्स-रे झाला. दोन गोष्टी सांभाळल्या. एक, जुनी फिल्म सोबत नेली, कारण नव्या फोटोची तुलना जुन्याशी करायची असते. दोन, फोटो उभं राहून, 'पीए' पद्धतीनेच काढून घेतला. दवाखान्यात आजारी माणसाचा फोटो पलंगावरच काढतात, त्यात हृदय उगाच मोठं दिसतं आणि तुलना बिघडते.

सावली बरीच कमी झाली होती, पण खाली एक पट्टा राहिला होता. बिडी ओढलेल्या, पन्नाशीपुढच्या माणसात डॉक्टर हे सोडून देत नाहीत. श्वासनळी गाठीने दाबली गेली, तर तिच्या मागे न्यूमोनिया होतो, आणि न्यूमोनिया गेला तरी गाठ राहते. सहा आठवड्यांचा एक्स-रे मुळात त्यासाठीच असतो. म्हणून मार्चच्या मध्यावर सीटी स्कॅन ठरला, इंजेक्शन देऊन. त्या इंजेक्शनचा भार मूत्रपिंडावर पडू शकतो, त्यामुळे आधी क्रिएटिनिन तपासलं, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे हे स्कॅनवाल्यांना सांगितलं. मूत्रपिंड कमजोर असेल तर ती गोळी काही काळ बंद ठेवतात. अशा रुग्णाने स्वतःहून गोळी बंद करायची नाही, आणि लपवायचीही नाही. स्कॅनमध्ये गाठ नव्हती. जुन्या जखमेचा डाग राहिलेला होता. घरात त्या रात्री सगळे नीट जेवले.

शेवटची ओळ लसीची: 'फ्लू, आणि न्यूमोकोकल'. मामूंचा सवाल होता, 'हजला जाताना सुई घेतली होती ना?' ती मेंदूज्वराची. तिचा न्यूमोनियाशी संबंध नाही. मामीचा सवाल होता, 'आता होऊन गेला, मग लस कशाला?' एकदा झालेला न्यूमोनिया पुढच्या वेळी वाचवत नाही. न्यूमोकोकस या जंतूचे पुष्कळ प्रकार आहेत, आणि दुसऱ्या प्रकाराने पुन्हा धरू शकतो.

मामूंच्या कागदावर आधी पीसीव्ही १३ आणि एक वर्षाने पीपीएसव्ही २३ असं लिहिलं होतं. आकडे म्हणजे त्या लसीत किती प्रकार आहेत ते. क्रम यासाठी की पहिलीने शरीर चांगलं शिकतं, दुसरी त्याची व्याप्ती वाढवते. कुणी चुकून २३ वाली आधी घेतली, तर पीसीव्हीसाठी एक वर्ष थांबावं लागतं. बाजारात २० प्रकारांची पीसीव्ही मिळाली, तर एका डोसने काम होतं, पण ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. आपल्या सरकारी लसीकरणात पीसीव्ही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने मुलांसाठी आली, मोठ्यांसाठी नाही. म्हणजे ती पदरमोड करूनच घ्यावी लागते. महागही आहे. केमिस्टकडून आणलीत, तर बर्फाच्या डब्यातून आणा, आणि कुपीवरचं नाव कागदाशी जुळवून बघा.

फ्लूची लस वेगळी. ती दरवर्षी, कारण विषाणू बदलतो आणि लसही बदलते. मुंबईत पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून मे महिन्यात घेणं बरं. दोन्ही एकाच दिवशी दोन वेगळ्या दंडांवर घेता येतात. पण मामूंनी पीसीव्ही स्कॅननंतर मार्चअखेरीस घेतली, आणि फ्लूची मेमध्ये घेणार आहेत. लसीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख मी डिस्चार्ज पेपरच्या मागेच लिहिली आहे. पुढच्या मार्चमधली पीपीएसव्ही २३ ची तारीख मामीने कॅलेंडरवर गोल केली आहे, आणि पिशवी कपाटावरून उतरून तिच्या पेटीत गेली आहे.