कॉफी निर्दोष होती, मग गडबड कुठे झाली?

सबमिशनच्या आदल्या रात्री तिसरा कप रिचवताना कुणी येऊन सांगितलं, की ‘कॉफीने कॅन्सर होतो म्हणे’, तर? मार्च १९८१मध्ये अमेरिकेतल्या लाखो लोकांचं नेमकं हेच झालं. आणि सांगणारं कुणी ऐरंगैरं नव्हतं. हार्वर्डचे नामवंत साथरोगतज्ज्ञ ब्रायन मॅकमोहन आणि त्यांच्या टीमचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला होता. रोज तीन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांना स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका, कॉफी न पिणाऱ्यांच्या तुलनेत २.७ पट, असं त्यात म्हटलं होतं. पेपरांत हेडलाइन्स झळकल्या, टीव्हीवर चर्चा रंगल्या.

आज हा अभ्यास जगभरच्या पब्लिक हेल्थच्या वर्गांत शिकवला जातो. पण ‘काय करू नये’ याचं उदाहरण म्हणून! मजा म्हणजे यात कुणी आकडे खोटे लिहिले नव्हते, गणितही चुकलं नव्हतं. घोळ होता तो तुलनेसाठी निवडलेल्या माणसांमध्ये.

आधी पद्धत समजून घेऊ

अशा अभ्यासाला ‘केस-कंट्रोल स्टडी’ म्हणतात. आजार झालेले लोक म्हणजे केसेस, तो आजार नसलेले लोक म्हणजे कंट्रोल्स. दोघांनाही सवयी विचारायच्या आणि तुलना करायची. इथे कंट्रोल्सचं काम एकच असतं. ज्या लोकसंख्येतून हे पेशंट आले, तिथले लोक साधारण किती कॉफी पितात, हे त्यांनी दाखवायचं. ते आरशासारखे असतात. आरसाच वाकडा असेल, तर चेहरा कितीही सरळ असून काय उपयोग?

मग हे कंट्रोल्स आणायचे कुठून? घरोघरी फिरणं खर्चाचं काम, आणि दार उघडून तासभर प्रश्नांची उत्तरं देणार कोण? हॉस्पिटलमध्ये मात्र माणसं आयती पलंगावर असतात, वेळही असतो. शिवाय केसेस आणि कंट्रोल्स एकाच ठिकाणचे, दोघेही आजारी, त्यामुळे जुन्या सवयी आठवण्याचा प्रयत्न दोघेही सारखाच करतील, असाही एक विचार असतो. मॅकमोहन यांच्या टीमने बोस्टन आणि ऱ्होड आयलंडमधल्या ११ हॉस्पिटलांत हेच केलं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे ३६९ पेशंट घेतले आणि कंट्रोल म्हणून त्याच हॉस्पिटलातले, त्याच डॉक्टरांकडे उपचार घेणारे दुसऱ्या आजारांचे ६४४ पेशंट.

इथेच मेख आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा पेशंट बहुतेकदा पोटाच्या डॉक्टरकडे असतो. त्या डॉक्टरचे बाकीचे पेशंट कोण? अल्सरवाले, अ‍ॅसिडिटीवाले, आतड्याच्या तक्रारीवाले. आपल्याकडेही पित्त झालेल्या माणसाला पहिला सल्ला काय मिळतो? ‘चहा-कॉफी बंद करा.’ काही जणांना तर सांगावंही लागत नाही, त्रास होतो म्हणून ते स्वतःच सोडतात. म्हणजे आरशात जे लोक दिसत होते, त्यांनी आजारपणामुळे आधीच कॉफी कमी केलेली असण्याची दाट शक्यता होती.

त्यात भर म्हणजे, सिगारेट आणि दारूशी संबंधित आजारांचे पेशंट कंट्रोल्समधून मुद्दाम वगळले होते. हेतू चांगला होता. पण सिगारेट ओढणारे बऱ्याचदा कॉफीही जास्त पितात. त्यामुळे कंट्रोल्समधले कॉफीबाज आणखी कमी झाले.

सगळा खेळ १९ जणांचा

आता प्रत्यक्ष आकडे बघू. घाबरू नका, साधा भागाकार आहे. फक्त पुरुषांचं घेऊ.

कॅन्सर झालेल्या २१६ पुरुषांपैकी कॉफी न पिणारे फक्त ९. म्हणजे पिणारे २०७. एका न पिणाऱ्यामागे २३ पिणारे.

कंट्रोल्समध्ये ३०७ पुरुष होते. त्यांत कॉफी न पिणारे ३२, पिणारे २७५. एका न पिणाऱ्यामागे साधारण ८.६ पिणारे.

२३ला ८.६ने भागा. उत्तर येतं जवळपास २.७. झाली हेडलाइन तयार!

आता समजा, कंट्रोल्समधल्या त्या ३२ पैकी १९ जण एरवी कॉफी पिणारेच होते आणि पोटाच्या त्रासाने त्यांनी ती सोडली होती. त्यांना पिणाऱ्यांत टाकू. मग न पिणारे उरतात १३ आणि पिणारे होतात २९४. एकामागे २२.६. आता २३ला २२.६ने भागा. उत्तर जवळपास १. म्हणजे धोका गायब! नेमके १९ जण तसे होते, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण ३०७ पैकी १९ माणसं इकडची तिकडे झाली की अख्खा निष्कर्ष कोसळतो, हे कळायला एवढं पुरे.

चोर कसा सापडतो?

एक खूण तर त्याच टेबलात होती. कॉफीनेच कॅन्सर होत असेल, तर कप वाढले की धोकाही वाढायला हवा. पण पुरुषांमध्ये रोज एक-दोन कपांना साधारण २.८ पट, तीन-चार कपांना २.५ पट आणि पाचच्या वर २.६ पट असं गणित येतं. म्हणजे एक कप प्या नाहीतर सहा, फरक शून्य. अशा वेळी संशय कॉफीवर नाही, तर ज्या ‘शून्य कप’ गटाशी तुलना चालली आहे त्याच्यावर घ्यायचा असतो. स्त्रियांमध्ये थोडी चढण दिसत होती, पण पाच कपांपुढे तीही थांबत होती.

दुसरा उपाय म्हणजे कंट्रोल्सना आजारानुसार वेगळं करून बघणं. फ्रॅक्चरवाले, हर्नियावाले, पोटवाले यांचं कॉफीचं प्रमाण वेगवेगळं निघालं, तर काहीतरी शिजतंय हे नक्की. म्हणूनच आता कंट्रोल्स एकाच वॉर्डातून घेत नाहीत, अनेक वॉर्डांतून घेतात. ज्या सवयीचा अभ्यास आहे तिच्याशी जोडलेले आजार वगळतात. जमलं तर शेजारपाजारच्या निरोगी लोकांचा दुसरा गटही ठेवतात.

मॅकमोहन यांच्या गटाने पुढे हा अभ्यास पुन्हा केला. १९८६मध्ये त्याच जर्नलमध्ये त्यांनीच कळवलं, की आधीइतका संबंध दिसला नाही. २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सगळे पुरावे तपासले आणि कॉफीने स्वादुपिंडाचा कॅन्सर होत असल्याचं दिसत नाही, असं सांगितलं.

काटा उलटाही फिरतो

हॉस्पिटलचे कंट्रोल्स नेहमी धोका फुगवूनच दाखवतात, असंही नाही. १९५०मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या हॉस्पिटलांत सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांत सिगारेट न ओढणारे फक्त २ होते, तर ६४९ कंट्रोल पुरुषांत २७. पण हे कंट्रोल्सही हॉस्पिटलातलेच. हृदयविकार, ब्राँकायटिस असे सिगारेटमुळेच होणारे आजार तेव्हा नीट ओळखले गेले नव्हते, आणि असे पेशंट कंट्रोल्समध्ये होते. साहजिकच त्या गटात सिगारेट ओढणारे बाहेरच्या समाजापेक्षा जास्त होते. म्हणजे खरा धोका दिसला त्याहूनही मोठा होता!

दोन्हीकडे युक्ती तीच, दिशा मात्र उलट. हॉस्पिटलातल्या लोकांमध्ये ती सवय बाहेरच्यापेक्षा कमी असेल, तर धोका फुगतो. जास्त असेल, तर धोका झाकला जातो. म्हणून ‘अमुक खाल्ल्याने तमुक पट धोका’ अशी बातमी फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न विचारा: तमुक पट, पण कुणाच्या तुलनेत? आणि ती माणसं हॉस्पिटलात कशासाठी आली होती?