कऱ्हाडे सापडत नाहीत

ग्रंथालयाच्या संगणकावर लेखकाच्या रकान्यात ‘कऱ्हाडे’ असं टाइप करावं आणि उत्तर यावं, ‘एकही नोंद नाही’. पुस्तक तर समोरच्या कपाटात आहे. यादी उघडून हातानं खाली सरकत गेलं की तीच अक्षरं आणि तोच अर्धा र असलेलं नावही दिसतं. अशा वेळी डेटाबेसला एक साधा प्रश्न विचारून पाहावा: हे नाव किती अक्षरखुणांचं आहे?

```sql
SELECT lekhak, length(lekhak) FROM pustake;
```

एका नोंदीपुढे 7 येतात, दुसरीपुढे 8. डोळ्यांना एकच दिसणारं नाव संगणकात दोन वेगळ्या रूपांत साठवलेलं असतं, आणि शोध चालतो तो त्या साठवलेल्या खुणांवर.

युनिकोडमध्ये प्रत्येक व्यंजनाला, मात्रेला, अनुस्वाराला आणि हलन्ताला आपापला क्रमांक आहे. ‘कऱ्हाडे’मधला मराठीचा खास अर्धा र तीन प्रकारे लिहिला जातो. एक, U+0931 हा स्वतंत्र ऱ आणि त्यापुढे हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक. हा जोडक पडद्यावर दिसत नाही, पण र चा रफार होऊ न देता अर्धा र उमटवतो. टाइप करणाऱ्याला यातलं काही कळत नाही. कोणतं रूप उमटेल ते कीबोर्ड ठरवतो.

यावर पहिला उपाय म्हणजे युनिकोडचं प्रमाणीकरण. त्याची एनएफसी ही पद्धत पहिलं आणि दुसरं रूप एक करते, कारण र आणि नुक्ता मिळून ऱ होतो हे युनिकोडच्या तक्त्यात नोंदलेलं आहे. तिसऱ्या रूपाला मात्र ती हात लावत नाही. अनेक जण इथेच फसतात: प्रमाणीकरण केलं म्हणजे मराठी मजकूर एकसारखा झाला असं धरून चालतात. ‘ॲप’मधल्या ॲ चंही तसंच आहे. त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला तो 2008 साली, युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत. तोपर्यंत लोक अ ला चंद्र जोडत होते, काही जण मध्ये तो अदृश्य जोडकही घालत होते, तर काही हिंदीतला ऍ वापरत होते. ही सगळी रूपं आजही चालू आहेत, आणि प्रमाणीकरण त्यांना एक मानत नाही. पुढेही मानणार नाही, कारण एकदा ठरलेले प्रमाणीकरणाचे नियम बदलायचे नाहीत हे युनिकोडचं धोरण आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून रूपांतरित केलेल्या मजकुरात आ च्या जागी अ आणि काना सापडतो, तोही तसाच राहतो.

मग अदृश्य जोडक सरळ पुसून टाकले तर? तसं करू नये. जोडक गेला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातल्या दऱ्यांवरची पुस्तकं समुद्रावरच्या पुस्तकांत मिसळतात. आचाऱ्यास द्यायचा निरोप आचार्यास जातो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी र, हलन्त आणि जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचा, मग उरलेले जोडक काढायचे आणि शेवटी अ व चंद्र यांचा ॲ करायचा. पोस्टग्रेसच्या 13व्या आवृत्तीपासून `normalize` हे फंक्शन अंगभूत आहे, त्यामुळे एवढं काम थोडक्यात होतं:

```sql
CREATE FUNCTION mr_shodh(t text) RETURNS text
LANGUAGE sql IMMUTABLE AS $$
SELECT replace(translate(
  replace(normalize(t, NFC),
    U&'\0930\094D\200D', U&'\0931\094D'),
  U&'\200C\200D', ''),
  U&'\0905\0945', U&'\0972')
$$;
```

हे फंक्शन मूळ रकान्यावर चालवून मूळ मजकूर बदलायचा नाही. लेखकाचं नाव जसं नोंदलं तसंच राहू द्यावं आणि शेजारी शोधासाठी वेगळा रकाना ठेवावा. वाचक जे टाइप करेल तेही याच फंक्शनमधून जाऊ द्यावं. दोन्ही बाजूंना एकच प्रक्रिया झाली नाही तर एवढा खटाटोप वाया जातो. आता ‘कऱ्हाडे’ची तिन्ही रूपं 7 खुणांची होतात आणि एकमेकांना सापडतात.

इथवरचे फरक निव्वळ साठवणीचे होते. शुद्धलेखनाचे फरक वेगळ्या जातीचे आहेत आणि तिथे अधिक जपून वागावं लागतं. 1962च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांवर ‘कवि’, ‘गति’, ‘नांव’, ‘कोठें’ असं छापलेलं असतं, आजचा वाचक ‘कवी’, ‘गती’, ‘नाव’, ‘कोठे’ लिहितो. कुणी ‘संबंध’ लिहितो, कुणी ‘सम्बन्ध’. वाचकाला शुद्धलेखनाच्या परीक्षेला बसवून मग पुस्तक देणं मला मुळीच पटत नाही. त्यासाठी दुसरा, सैल रकाना करावा. त्यात दीर्घ ई आणि ऊ, मात्रांसह, ऱ्हस्व करायचे. त, थ, द, ध यांच्या आधीचा अर्धा न, प, फ, ब, भ यांच्या आधीचा अर्धा म, आणि त्याच रीतीनं बाकीच्या वर्गांतली अर्धी अनुनासिकं यांचा अनुस्वार करायचा. शब्दाच्या शेवटी मात्रेवर आलेला जुना अनुस्वार गाळायचा. मधले सगळे अनुस्वार मात्र गाळू नयेत, नाहीतर ‘मांडी’ची ‘माडी’ होते. ‘नांव’, ‘पांच’ अशा शब्दांची छोटी यादी हातानं केलेली बरी.

सैल रकान्याची किंमत मोजावी लागते. त्यात ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात. ‘देहान्त’ म्हणजे मृत्यू आणि ‘देहांत’ म्हणजे देहांमध्ये, हा भेदही पुसला जातो. असा अर्थभेद दाखवण्यासाठीच नियमांनी अर्धा न लिहायची मुभा ठेवली आहे. म्हणून निकाल दाखवताना काटेकोर रकान्यात जुळलेल्या नोंदी वर आणि सैल रकान्यात जुळलेल्या खाली ठेवाव्यात. ग्रंथालयात चार पुस्तकं जास्त दिसली तर वाचक ती नजरेनं बाजूला सारतो. पण अनुदानाच्या किंवा मतदारांच्या यादीत सैल जुळणीवरून दोन माणसं एकच ठरवणं हा अन्याय आहे. तिथे सैल रकान्यानं फक्त संभाव्य नोंदी पुढे ठेवाव्यात, निर्णय माणसानं कागदपत्रं पाहून घ्यावा.

एक चूक इतर भाषांच्या सवयीतून येते. फ्रेंच किंवा जर्मनसाठी लिहिलेली कित्येक शोधयंत्रणा अक्षरांवरची चिन्हं काढून टाकते. देवनागरीतले उकार, एकमात्रा, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडच्या वर्गवारीत अशाच चिन्हांत मोडतात, काना आणि वेलांट्या मोडत नाहीत. त्या गाळणीतून ‘पुणे’ बाहेर पडतं ते ‘पण’ होऊन, आणि ‘मुंबई’ची होते ‘मबई’. शब्द तोडणारी साधी यंत्रणाही घात करते:

```python
import re
re.findall(r'\w+', 'मराठी')   # ['मर', 'ठ']
```

नवी यंत्रणा घेताना हे दोन शब्द आधी तिच्यातून काढून पाहावेत. ‘पुणे’ शोधल्यावर ‘पण’ असलेली वाक्यं आली, किंवा ‘मराठी’चे तुकडे झाले, तर दोष मजकुरात नसून सेटिंगमध्ये आहे.

एवढं सगळं नीट बसवूनही ‘पुणे’ शोधणाऱ्याला ‘पुण्याच्या वाड्यांचा इतिहास’ अशा शीर्षकाचं पुस्तक मिळणार नाही, कारण विभक्तीत शब्दाचं सामान्यरूप होतं आणि ‘पुणे’मधला ‘णे’ ‘ण्या’ होऊन बसतो. अक्षरखुणा कितीही एकसारख्या केल्या तरी ते साधत नाही. त्यासाठी प्रत्येक शब्दाचं मूळ रूप ओळखणारा मराठीचा वेगळा नियमसंच लागतो. गावांच्या आणि माणसांच्या नावांपुरती सामान्यरूपांची यादी जोडली, तरी ग्रंथालयाचं रोजचं बरंचसं काम भागतं.